काम वाढले, कोटेशन वाढले. ग्राहकाला कसे कळवावे?

प्रश्न : गोरेगाव पूर्वेला एका टू बीएचके फ्लॅटचे इंटिरियरचे काम घेतले आहे. मूळ कोटेशन जीएसटी सोडून ७,२०,००० रुपयांचे होते. काम सुरू झाल्यावर सरांनी बाल्कनीत कपाट करून घेतले, त्यांच्या आईंनी विजेचे पॉइंट वाढवले, मॅडमना किचनच्या शटरना लॅमिनेटऐवजी ॲक्रिलिक हवे आहे आणि आता बाथरूमही करून द्या म्हणतात. टीव्ही युनिटमागचे पॅनेल रद्द झाले. लहान बेडरूमचा वॉर्डरोब मोजमापात अर्धा फूट जास्त भरला. सगळे धरून रक्कम ८,६०,८५० वर जाते. मी मेसेज लिहून ठेवला आहे : ‘कामाचा स्कोप वाढल्यामुळे सुधारित कोटेशन ८,६०,८५० रुपये होत आहे. कृपया मान्यता द्यावी व पुढील पेमेंट लवकर करावे.’ पाठवायला हात धजत नाही. पाठवू, की शेवटच्या बिलात धरू? मूळ कोटेशन आणि वाढीव कामाचा कच्चा हिशोब सोबत जोडला आहे. बाथरूममुळे ताबा पंधरा दिवस पुढे जाईल.
— एक इंटिरियर कंत्राटदार, बोरिवली

उत्तर : शेवटच्या बिलात धरण्याचा विचार आधी सोडून द्या. चावी हातात देताना दीड लाखाचा आकडा पुढे आला की ग्राहकाला तो मान्य करायचा किंवा भांडायचे, एवढेच दोन मार्ग उरतात. आज कळवलेत तर निम्म्याहून अधिक वाढीव काम अजून सुरूच झालेले नाही, त्यामुळे त्यातले काय करायचे आणि काय वगळायचे हे त्यांना ठरवता येईल. तेव्हा मेसेज आताच जायला हवा, मात्र तुम्ही लिहिलेला नव्हे. त्यात एकच एकत्रित आकडा आहे आणि ‘स्कोप वाढल्यामुळे’ या शब्दांमागे नेमके काय आहे, हे ग्राहकाला स्वतः शोधावे लागणार आहे. तो शोधणार नाही. सात लाख वीस हजारांचे आठ साठ झाले एवढेच वाचेल आणि तुम्ही दर वाढवले असे समजेल.

मेसेज लिहिण्याआधी मूळ कोटेशन समोर ठेवून वाढीव कामाची प्रत्येक बाब त्यातील ओळीशी ताडून पाहा. मी ते करून पाहिले. पहिलीच अडचण वॉर्डरोबची निघाली. तुमच्या कोटेशनमध्ये त्याची ओळ ‘७ फूट × ७ फूट, ७३,५०० रुपये’ अशी ठाम रक्कम सांगून लिहिलेली आहे आणि ‘प्रत्यक्ष मोजमापानुसार बिल होईल’ अशी अट कुठेही नाही. तेव्हा साडेतीन चौरस फुटांचे ५,२५० रुपये तुम्हाला मागता येणार नाहीत. ग्राहकाने वॉर्डरोब मोठा करा असे सांगितलेले नाही. भिंत होती तेवढीच होती. तशी अट असती तरीही ही रक्कम कामाच्या अंतिम मोजमापात दाखवायची असते, वाढीव कामात नव्हे, कारण वाढीव काम म्हणजे ग्राहकाने नंतर सांगितलेले काम. यादीत अशी एक जरी बाब ग्राहकाला सापडली तरी बाकीच्या बाबींकडेही तो त्याच नजरेने पाहू लागतो, आणि सव्वापाच हजारांसाठी ते परवडत नाही. ही ओळ काढा. एकूण रक्कम ८,५५,६०० रुपये होते.

उरलेल्या बाबींचे दोन वेगळे भाग करा : होऊन गेलेले काम आणि अजून न झालेले काम. सुधारित कोटेशनमध्ये याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही, आणि बहुतेक जण नेमके हेच करत नाहीत. न झालेल्या कामाबद्दल ग्राहकाला नाही म्हणता येते, स्वस्त पर्याय मागता येतो, पुढच्या वर्षावर ढकलता येते. झालेल्या कामाबद्दल त्याच्यापुढे असा पर्याय उरलेला नसतो, आणि भाव आधी न सांगता काम केलेले असेल तर त्याची नाराजी रास्त असते. दोन्ही भागांची बेरीज करून एकच आकडा पाठवला की पहिल्या भागाची नाराजी दुसऱ्या भागावरही जाते आणि बाथरूमचे काम तुम्ही गळ्यात मारत आहात असे वाटू लागते.

तुमच्या साइटवर झालेले काम दोन प्रकारचे आहे. बाल्कनीतले कपाट ४ फूट रुंद आणि ७ फूट उंच, म्हणजे २८ चौरस फूट. त्याला तुम्ही १,५०० रुपये दर लावला आहे आणि मूळ कोटेशनमध्ये वॉर्डरोबचाही दर तोच पडतो. हे अगदी योग्य झाले. आधी भाव न ठरवता केलेल्या कामाला मूळ कोटेशनमधल्या त्याच जातीच्या कामाचा दर लावणे, एवढाच दर तुम्हाला ग्राहकासमोर निर्धास्तपणे मांडता येतो, आणि मेसेजमध्ये तसे स्पष्ट म्हणावे. कपाटाचे ४२,००० रुपये होतात. विजेचे पॉइंट मूळ यादीत १८ होते, प्रत्यक्षात २७ झाले. ९ पॉइंटचे प्रत्येकी १,२०० रुपयांनी १०,८०० रुपये. या पॉइंटबद्दल मात्र नुसता आकडा पुरणार नाही. वाढीव बोर्ड कुठे हवेत हे आईंनी सांगितल्यावर इलेक्ट्रिशियनने भिंतीवर खडूने चौकोन आखले असतील आणि झिरी मारण्याआधी फोटोही काढले असतील. ते फोटो मोबाइलमध्ये असतील तर कोटेशनला जोडा आणि प्रत्येक पॉइंटची जागा लिहा : देवघराजवळ दोन, पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे. पैसे देणारे सर आहेत आणि सांगणाऱ्या आई होत्या, त्यामुळे नऊ पॉइंट कधी वाढले याची सरांना कल्पनाही नसेल. मात्र ‘आईंनी सांगितले म्हणून’ असे मेसेजमध्ये लिहू नका. घरातल्या घरात कोणाला तरी उत्तर द्यायला लावणारे वाक्य तुमच्या कामाचे नाही. ‘साइटवर ठरल्याप्रमाणे’ एवढे पुरे.

टीव्ही युनिटमागचे रद्द झालेले पॅनेल तुमच्या कोटेशननुसार १४,००० रुपयांचे होते. ही वजावट शेवटी बेरजेत लपवू नका, झालेल्या कामाच्या भागातच स्वतंत्र ओळीत दाखवा. कमी झालेल्या कामाचे पैसे तुम्ही न मागता वजा केले हे दिसले की वाढलेल्या कामाच्या हिशोबावरही विश्वास बसतो. त्या पॅनेलचा प्लाय कापून झाला असेल तर पूर्ण रक्कम वजा करण्याची गरज नाही. पण मग किती खर्च झाला ते लिहा. तो प्लाय कपाटात वापरला गेला असेल, तर पूर्णच वजा करा. झालेल्या भागाची निव्वळ वाढ अशा रीतीने ३८,८०० रुपये होते.

आता न झालेले काम. किचनच्या शटरचे क्षेत्रफळ ६४ चौरस फूट आहे आणि तुम्ही ४५० रुपये दराने २८,८०० रुपये धरले आहेत. हा लॅमिनेट आणि ॲक्रिलिक यांच्या दरांतला फरक आहे, हे तुमच्या कच्च्या हिशोबावरून मला कळले. ग्राहकाला तुमच्या मेसेजवरून कळणार नाही. ‘ॲक्रिलिक शटर – २८,८००’ एवढेच लिहिले तर दोन गैरसमज होऊ शकतात. एक, शटर एवढ्यातच होतात. दुसरा, लॅमिनेटचे पैसे मूळ रकमेत राहिले आणि वर ॲक्रिलिकचेही लावले. म्हणून ‘मूळ कोटेशनमधील लॅमिनेटची रक्कम वजा करून केवळ फरक’ असे लिहावे. किचनचे लॅमिनेट अजून दुकानातून उचललेले दिसत नाही, हे बरे झाले. उचलले असते आणि शीट कापले गेले असते तर दुकानदाराने ते परत घेतले नसते आणि तो खर्चही मांडावा लागला असता.

बाथरूमबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण त्याची ६८,००० रुपयांची तुमची ओळ एकच आहे आणि बाथरूमच्या वादांतले बरेचसे वाद ‘हे धरले होते की नव्हते’ यावरून होतात. रकमेत काय आहे ते लिहा : जुन्या टाइल्सची तोडफोड आणि डेब्रिज उचलणे, आतले प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स आणि त्या बसवण्याची मजुरी. टाइल्सचा बेसिक रेट किती धरला आहे तोही लिहा, म्हणजे ग्राहकाने दुकानात महाग टाइल पसंत केली तर फरक त्याचा, हे आधीच ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय धरलेले नाही ते लिहा. नळ, शॉवर, कमोड, बेसिन ग्राहक स्वतः आणणार असेल तर तसे स्पष्ट म्हणा. इमारत जुनी आहे, तेव्हा भिंत फोडल्यावर आतले लोखंडी पाइप सडलेले निघू शकतात. त्याची रक्कम आज सांगता येत नाही, म्हणून तसे निघाल्यास फोटो दाखवून आणि रक्कम कळवूनच पुढे जाऊ, हे वाक्य आजच लिहून ठेवा.

बाथरूमला आणखी दोन बंधने आहेत, जी पैशांत मोजता येत नसली तरी कोटेशनमध्ये यायला हवीत. पहिले सोसायटीचे. फर्निचर आणि रंगकामासाठी घेतलेली परवानगी बाथरूम फोडण्याला पुरेल असे गृहीत धरू नका. पाणी खालच्या घरात उतरण्याचा धोका असल्याने कमिटी त्यासाठी वेगळा अर्ज, काही ठिकाणी वेगळी अनामत मागते, आणि अर्ज सदस्याच्या, म्हणजे तुमच्या ग्राहकाच्याच सहीने जावा लागतो. दुसरे वेळेचे. वॉटरप्रूफिंगनंतर बाथरूममध्ये २४ ते ४८ तास पाणी साठवून ठेवायचे आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते का ते बघायचे, ही चाचणी घाईत उरकता येत नाही. सोसायटीने तोडफोडीला दिलेल्या मोजक्या तासांत आणि रविवार वगळून हे सगळे बसवायचे, म्हणजे तुम्ही म्हणता ते पंधरा दिवस मला अजिबात जास्त वाटत नाहीत. पण ते आज सांगितले नाहीत तर ठरलेल्या तारखेला ग्राहक पंधरा दिवसांच्या उशिराचा जाब विचारेल आणि त्यावर दाखवायला तुमच्याकडे काही नसेल.

जीएसटीचेही आताच सांगा. तुम्ही नोंदणीकृत आहात, तेव्हा या कामावर १८ टक्के लागणार. मूळ कोटेशन कराविना होते म्हणून सुधारितही कराविनाच पाठवले, तर ग्राहकाच्या मनात ८,५५,६०० हा शेवटचा आकडा बसेल आणि दहा लाखांच्या वरचे बिल पाहून तो दुसऱ्यांदा दचकेल.

हे सगळे धरून मेसेज साधारण असा व्हावा. सर आणि मॅडम दोघांनाही एकाच वेळी जावा, आणि सोबत तपशिलाचा तक्ता पीडीएफमध्ये जोडलेला असावा.

> नमस्कार सर, नमस्कार मॅडम.
>
> आपल्या फ्लॅटचे मूळ कोटेशन ७,२०,००० रुपयांचे (अधिक जीएसटी) आहे. त्यातील कामांचे दर आणि रक्कम यांत कोणताही बदल नाही. काम सुरू झाल्यावर साइटवर ठरलेल्या वाढीव कामांचा हिशोब पुढे देत आहे.
>
> झालेले काम : बाल्कनीतील कपाट, २८ चौरस फूट, वॉर्डरोबच्याच १,५०० रुपये दराने ४२,००० रुपये. विजेचे पॉइंट १८ वरून २७ झाले, ९ पॉइंटचे १०,८०० रुपये. जागांची यादी व फोटो जोडले आहेत. टीव्ही युनिटमागचे पॅनेल रद्द केल्याबद्दल १४,००० रुपये वजा. निव्वळ वाढ ३८,८०० रुपये, जीएसटीसह ४५,७८४ रुपये. ही रक्कम मी काम करण्यापूर्वीच लेखी कळवायला हवी होती.
>
> आपण ठरवायचे काम : (अ) किचनच्या शटरना लॅमिनेटऐवजी ॲक्रिलिक. लॅमिनेटची रक्कम वजा करून केवळ फरक २८,८०० रुपये, जीएसटीसह ३३,९८४ रुपये. (आ) बाथरूमचे संपूर्ण काम ६८,००० रुपये, जीएसटीसह ८०,२४० रुपये. यात काय धरले आहे आणि काय नाही ते तक्त्यात आहे. या कामाला सोसायटीची वेगळी परवानगी लागेल आणि ताबा ठरलेल्या तारखेपेक्षा १५ दिवस पुढे जाईल.
>
> दोन्ही कामे नको असल्यास एकूण रक्कम जीएसटीसह ८,९५,३८४ रुपये होईल. दोन्ही केल्यास १०,०९,६०८ रुपये. एकच करायचे असल्यास तेही शक्य आहे.
>
> ॲक्रिलिक शटर ऑर्डरनंतर सुमारे तीन आठवड्यांनी येतात, त्यामुळे (अ) बद्दल येत्या शनिवारपर्यंत कळवावे. त्यानंतर मी मूळ ठरलेल्या लॅमिनेटचा माल उचलेन. (आ) साठी कोणतीही घाई नाही. मूळ कोटेशनमधील काम दरम्यान नेहमीप्रमाणे चालू राहील.

या मेसेजमध्ये ‘स्कोप’ हा शब्द नाही, ‘भाव वाढले’ अशी तक्रार नाही आणि ‘पेमेंट लवकर करावे’ हेही नाही. मूळ रक्कम पहिल्याच वाक्यात जशीच्या तशी उभी आहे आणि प्रत्येक वाढ तिच्या बाहेर आहे. लेखी कळवायला हवे होते हे तुमचे एक वाक्य मी मुद्दाम झालेल्या कामाखाली ठेवले आहे. ते तिथे एकदाच यावे, सुरुवातीला आणि शेवटी दिलगिरी व्यक्त करत बसू नये, नाहीतर मागणी न्याय्य असूनही ती मेहेरबानी मागितल्यासारखी वाटते. आणि उत्तर आले नाही तर काय होईल तेही मेसेजमध्ये आहे : लॅमिनेट येईल. ग्राहकाच्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा कधीही लावू नका.

सरांचे उत्तर काय येईल याचा अंदाज बांधता येतो. ‘कपाट एवढ्याला पडेल हे आधी सांगितले असते तर केलेच नसते,’ असे ते म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. तिथे सवलत द्यायची तुमची तयारी असेल तर अवश्य द्या, पण दर कमी करून देऊ नका. कपाटाचे १,५०० चे १,३०० केलेत की वॉर्डरोबचे १,५०० कसे, हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहतो आणि तोही चूक म्हणता येत नाही. दर तोच ठेवा आणि खाली ‘विशेष सवलत’ अशी वेगळी ओळ घालून ठोक रक्कम वजा करा. ती झालेल्या कामापुरतीच ठेवा. न झालेल्या कामात आधीच सवलत देण्याचे काहीच कारण नाही, तिथे त्यांना नाही म्हणण्याची पूर्ण मुभा आहे.

झालेल्या कामाचे पैसे देण्यास साफ नकार मिळाला तर कायदा अगदीच पाठीशी नाही असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला असेल तर त्याने भरपाई द्यावी लागते. पण चाळीस-पंचेचाळीस हजारांसाठी न्यायालयाची पायरी चढणे वेळ आणि वकिलाची फी दोन्ही बघता परवडत नाही, म्हणून या कलमाचा उल्लेख मेसेजमध्ये चुकूनही करू नका. तुम्ही वेडेवाकडे मागत नाही आहात, एवढे मनाशी ठाम राहण्यापुरतेच ते माहीत असावे.

यापुढे या साइटवर कोणीही ‘एवढे जरा करून टाका’ म्हटले, की सुताराला हाक मारण्याआधी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका : काम, माप, दर, रक्कम आणि किती दिवस. समोरून ‘हो’ आले की काम सुरू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०-अ नुसार, करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने तो अमान्य ठरत नाही, तेव्हा त्या ‘हो’ला किंमत आहे. मात्र ते पैसे देणाऱ्याच्या नंबरवरून आलेले असावे. आईंना नम्रपणे सांगा, ‘आई, करून देतो, फक्त सरांना एक मेसेज टाकतो.’ त्यांना राग येणार नाही.

मेसेज सायंकाळी, दोघे घरी असतील तेव्हा पाठवा आणि दुसऱ्या दिवशी फोन करून तक्त्याबद्दल काही विचारायचे आहे का एवढेच विचारा. उत्तराची वाट पाहताना सुतारकाम थांबवू नका. मूळ कामाचे पैसे ठरल्याप्रमाणे आलेले असताना ते रोखून धरणे म्हणजे अडवणूक होईल. बाथरूमची एकही टाइल मात्र लेखी होकार, ठरलेला ॲडव्हान्स आणि सोसायटीचे पत्र ही तिन्ही हाती आल्याशिवाय काढू नका.